पंचविशीचं भाषण: एकाच हॉलात बसलेले तीन कान

प्रश्न: सांगलीत माझी ट्रॅव्हल एजन्सी आहे, पुढच्या महिन्यात २५ वर्षं पूर्ण होतायत. हॉल ठरलाय. शंभरेक जुनी गिऱ्हाइकं, १४ ड्रायव्हर आणि ऑफिसातले पाच जण येणार. मला दहा मिनिटं बोलायचंय, सगळ्यांचे आभार मानायचेत, कुणाचं नाव राहायला नको. पण लिहायला बसलो की लग्नपत्रिका वाचल्यासारखं होतंय. काय करू?

उत्तर:

पत्रिकेसारखं होतंय, कारण तुम्ही तीन वेगवेगळ्या गटांसाठी तीन वेगवेगळे उतारे लिहिताय. गिऱ्हाइकांचा उतारा त्यांच्यासाठी, ड्रायव्हरांचा त्यांच्यासाठी. पण बसणार सगळे एकाच हॉलात. ड्रायव्हरला उद्देशून बोललेलं वाक्य त्याच्या गाडीत बसणारं गिऱ्हाईक ऐकतं आणि गिऱ्हाइकाला म्हटलेलं ऑफिसातली बुकिंगवाली मुलगी ऐकते. खरी अडचण नावांची नाही, ही आहे.

एक साधं वाक्य घ्या: 'आमची ऑफिसची मंडळी रात्री बारालाही तुमचा फोन उचलतात.' मालकाला वाटतं, हे स्टाफचं कौतुक झालं. गिऱ्हाइकाला त्यात सवलत ऐकू येते, म्हणजे बाराला फोन केला तरी चालतो. आणि ज्यांचं कौतुक केलं त्यांना कळतं, की हे आता कायमचं गळ्यात पडलं. एका वाक्यानं तिघांना तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली मनातली एकच होती. म्हणून भाषणं तपासून देताना मी प्रत्येक वाक्य तीनदा वाचतो, एकदा गिऱ्हाईक म्हणून, एकदा ड्रायव्हर म्हणून आणि एकदा काउंटरवरच्या माणसाच्या जागी बसून. तिन्ही ठिकाणी टिकलं तर ठेवायचं.

पुढचं बरंचसं तुमच्या धंद्याच्या रचनेवर आहे. १४ जण पगारी आहेत, की त्यातले काही स्वतःच्या गाड्या तुमच्याकडं लावणारे आहेत? गाडी लावणाऱ्याला 'आमचा स्टाफ' म्हटलेलं आवडत नाही, तो स्वतः हप्ता भरतो, पासिंग स्वतः करून आणतो. त्यांना 'ज्यांनी स्वतःच्या गाड्या आपल्या एजन्सीच्या नावावर विश्वास ठेवून लावल्या' असं वेगळं म्हणा. पगारी आहेत ते 'आपले ड्रायव्हर'. 'चालक' म्हटलं तर एसटीच्या पाटीसारखं वाटतं, 'सारथी' म्हटलं तर मागच्या रांगेत हसू येतं. ड्रायव्हर हाच शब्द बरोबर आहे, फक्त क्रियापद आदरार्थी ठेवा. 'हा माझ्याकडं २००४ पासून आहे' नव्हे, 'हे आपल्याकडं २००४ पासून आहेत'. रोज अरे-तुरे करत असाल तरी माईकवर नाही.

आता वेळेचा हिशोब, कारण नावांचा प्रश्न तिथंच सुटतो. स्टेजवरून समजेल असं मराठी मिनिटाला साधारण ११० शब्द पडतं. दहा मिनिटांचे अकराशे होतात, पण टाळ्या, थांबणं, पाण्याचा घोट धरून नऊशेच लिहा. पूर्ण नाव आणि त्याला जोडून एक ओळखीचा तुकडा एवढ्याला चार-पाच सेकंद लागतात. १४ ड्रायव्हर आणि पाच ऑफिसवाले मिळून दीड मिनिट. हे परवडतं. शंभर गिऱ्हाइकांची तशीच नावं घेतली तर सात-आठ मिनिटं जातात आणि एकशे एकावं नाव राहतंच. तेव्हा नियम सरळ आहे: जे तुमच्याकडं काम करतात त्यांची सगळी नावं घ्यायची, गिऱ्हाइकांचं एकही नाही. अर्धी नावं घेणं हा सगळ्यात वाईट मार्ग. 'विशेष उल्लेख करावासा वाटतो तो' म्हणून तीन बड्या गिऱ्हाइकांची नावं घेतलीत, की उरलेल्या सत्त्याण्णवांना आपली किंमत कळते. हवं तर दारात एक बोर्ड लावा, त्यावर सगळ्या गिऱ्हाइकांची नावं पहिल्या प्रवासाच्या वर्षाप्रमाणं छापा. लोक तिथं आपलं नाव शोधतात, फोटो काढतात, आणि तुमचा माईक मोकळा राहतो.

ड्रायव्हरांची नावं कामाला लागल्याच्या तारखेनं घ्या आणि तसं आधीच सांगून टाका, 'कामाला लागल्याच्या क्रमानं नावं घेतोय.' ही तारीख आठवणीतून काढू नका, पगाराच्या रजिस्टरमधून काढा. दोघांत सहा महिन्यांचा घोळ झाला तर तो पुढं सहा वर्षं बोलून दाखवला जातो. नाव लायसनवर असतं तसं पूर्ण घ्या, मग ज्या नावानं गिऱ्हाईक हाक मारतं ते. पूर्ण नाव ऐकून घरचे ताठ बसतात आणि 'म्हणजे आपले आप्पा' म्हटल्यावर हॉल हसतो. दोन्ही पाहिजे.

मजकूर गोळा करायला दोन आठवडे लागतील. मालकाला स्वतःहून आठवतं ते नेहमी नाट्यमय असतं, गाडी बंद पडली, रस्ता अडला, पोलीस आले. त्यातलं निम्मं बोलण्यासारखं नसतं. त्यापेक्षा प्रत्येक ड्रायव्हरबद्दल ऑफिसच्या माणसाला एकच प्रश्न विचारा, 'गिऱ्हाईक फोनवर हीच व्यक्ती पाठवा असं म्हणतं ते कशासाठी?' उत्तरं बारीक येतात. कुणी निघायच्या वेळेआधी वीस मिनिटं दारात असतो, पण हॉर्न देत नाही. कुणी लहान मूल असलं की पिशव्या आधीच समोर अडकवून ठेवतो. एखादा नरसोबावाडीला म्हाताऱ्या माणसाला घाटाच्या पायऱ्या हात धरून उतरवतो आणि वर परत आणतो. हे तुकडे खरे आहेत, ऐकणाऱ्यांनी पाहिलेले आहेत, म्हणून ते एका ओळीत पुरतात.

या ठिकाणी सगळ्यात मोठी चूक होते ती सांगतो. 'सलग बावीस तास गाडी चालवून यात्रेकरूंना सुखरूप आणलं' हे कौतुक म्हणून हमखास लिहिलं जातं. तिन्ही कानांनी वाचा. बायको ऐकते आणि तिला कळतं की त्या रात्री नवरा कशा अवस्थेत होता. गिऱ्हाइकाला कळतं की आपली आई झोप न झालेल्या माणसाच्या गाडीत होती. आणि दुसऱ्या ड्रायव्हरला कळतं की मालकाला हेच आवडतं. शिवाय मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास हे माप कायद्यानंच घालून दिलेलं आहे. तुम्ही भर हॉलात माईकवरून ते मोडल्याची कबुली देताय, आणि आता तर सगळ्यांच्या हातात मोबाईल असतो. 'आंबेनळी घाट धुक्यात पाऊण तासात उतरवला' हेही त्याच जातीचं.

उलट जो थांबला त्याचं कौतुक करा. असं काहीसं:

'पावसाळ्यात रात्री कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला गाडी उभी करून यांनी मला फोन केला. म्हणाले, मालक, पुढचं दिसत नाही, मी सकाळशिवाय चढणार नाही. गाडीतली मंडळी वैतागली होती, मीही वैतागलो होतो. आज सगळ्यांसमोर सांगतो, ते बरोबर होते. आणि इथं बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, तसा फोन तुम्ही कधीही करा.'

या पाच वाक्यांत ड्रायव्हरचा मान आहे, गिऱ्हाइकाला भरवसा आहे आणि बाकीच्या तेरा जणांना परवानगी आहे. अर्थात तुमच्याकडं असं खरंच घडलेलं असेल तरच. नसेल तर फुकट घडवू नका, ज्याच्या नावानं सांगाल त्याला तिथल्या तिथं कळतं. घडलं असेल तरी त्या माणसाला आधी विचारा. काहींना चारचौघांत असं सांगितलेलं आवडत नाही, मग प्रसंग सांगा आणि नाव यादीत ठेवा.

गिऱ्हाइकांच्या भागाला अडीच मिनिटं पुरे. 'आपण दाखवलेल्या विश्वासामुळेच' हे वाक्य गॅस एजन्सीपासून दागिन्यांच्या दुकानापर्यंत कुठंही चालतं, म्हणून काढा. त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. ट्रॅव्हल्समध्ये जुनं गिऱ्हाईक दोन मोठी कामं करतं. एक म्हणजे गाडी दिसायच्या आधी ॲडव्हान्स देतं. दुसरं म्हणजे तक्रार तुमच्याकडं करतं, गावात करत नाही. ही दुसरी गोष्ट भाषणात फार चांगली बसते. तक्रारीमुळं तुमच्याकडं काय बदललं ते शोधा. टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली पायरी गुडघेदुखीच्या माणसाला उंच पडते, त्यावरून कुणीतरी कधीतरी बोललं असेल आणि मग गाडीत पाट ठेवायला सुरुवात झाली असेल. तर तो पाट स्टेजवर आणा. खरोखर आणा, झिजलेला, रबर ठोकलेला.

'अष्टविनायकाच्या टूरला एका आजींनी मला सुनावलं होतं, तुझी गाडी देवाच्या दारात नेती, पण गाडीतनं उतरवणार कोण? दुसऱ्या दिवशी हा पाट केला. आज आपल्या प्रत्येक ट्रॅव्हलरमध्ये असा पाट आहे. पंचवीस वर्षं तुम्ही मला असं सुनावत आलात, त्याबद्दल आभार.'

इथं गिऱ्हाईक खूश होतं आणि ड्रायव्हरही, कारण तो पाट रोज काढणारा-ठेवणारा तोच आहे.

दोन विषय मात्र बेतानं. एक २०२०. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा टूर रद्द झाल्या आणि ॲडव्हान्स अडकले. 'त्या काळात तुम्ही पैशाची घाई केली नाहीत' असं म्हणायचा मोह होतो. म्हणण्याआधी खातेवही काढून बघा, हॉलात येणाऱ्यांपैकी कुणाची रक्कम अजून यायची आहे का, अगदी दोन हजार असली तरी. असेल तर ती कार्यक्रमाआधी देऊन टाका किंवा विषयच काढू नका. ते एक गिऱ्हाईक शेजारच्या दोघांना सांगणारच, आणि तुमचं पुढचं मिनिट कुणी ऐकणार नाही.

दुसरा २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. सांगलीत हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, आणि हॉलातल्या कितीतरी जणांच्या घरात तेव्हा पाणी होतं. तुमच्या गाड्यांनी त्या आठवड्यात माणसं हलवली असतील तर कोणती गाडी, कोण ड्रायव्हर, कुठून कुठं एवढं एका वाक्यात सांगा आणि पुढं चला. त्याचं भाडं लावलं होतं, तर ते वाक्य नकोच.

गिऱ्हाइकांच्या भागात कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या घरच्या मयतीला रातोरात गाडी पाठवल्याची गोष्ट सांगू नका, नाव न घेताही. सांगली-मिरजेत चार खुणा सांगितल्या की माणूस ओळखू येतो.

ऑफिसचा भाग लहान असतो, पण तिथं मालक सगळ्यात मोघम बोलतात, 'अहोरात्र झटणारी आमची टीम' वगैरे. ऑफिसचं काम दिसत नाही, म्हणून ते एखाद्या वेळेला बांधून दाखवावं लागतं. तत्काळ तिकीट हे चांगलं उदाहरण आहे, जुलै २०२५ आधीचं, एजंटांनाही पहिल्या मिनिटापासून बुकिंग करता यायचं तेव्हाचं. एसीचं बुकिंग सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. तेव्हा त्याआधी नावं, वयं, आधारवरचं स्पेलिंग सगळं तयार लागायचं, कारण सीटा काही मिनिटांत संपायच्या. 'सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असली की आमच्या ऑफिसात कुणी चहासुद्धा ढवळत नसे' एवढं म्हटलंत तर काउंटरवरच्या माणसाला कळतं की मालकाचं आपल्याकडं लक्ष आहे. परदेशाच्या विमान तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणंच लागतं आणि आपल्याकडं वडिलांचं नाव कधी मध्ये येतं, कधी येत नाही. त्या एका अक्षरासाठी जो माणूस गिऱ्हाइकाला तीनदा फोन करतो, त्याचा गिऱ्हाइकाला त्या दिवशी राग येतो. त्याचं समर्थन करायची ही जागा आहे. पाच जणांत मिळून दीड-दोन मिनिटं. ऑफिस झाडणाऱ्या मावशी त्या पाचांत धरल्यात का, ते एकदा बघा. बहुतेक वेळा धरलेल्या नसतात.

क्रम मी असा ठेवतो: आधी गिऱ्हाईक, मग ऑफिस, शेवटी ड्रायव्हर. बरेच मालक उलटं करतात, गिऱ्हाईक मोठं म्हणून शेवटी. पण गिऱ्हाईक शेवटी आलं की भाषण आपोआप जाहिरातीकडं घसरतं, 'येत्या मे महिन्यात आपण काश्मीर काढतोय'. ड्रायव्हर शेवटी असले की घसरायला जागाच राहत नाही. आणि एक गोष्ट करता येते. नाव घेतल्यावर गिऱ्हाइकांना म्हणा, 'यांच्या गाडीत बसलेल्यांनी हात वर करा.' आभार मग तुमच्या एकट्याचे राहत नाहीत. १४ जणांसाठी १४ वेळा करू नका, दर तीन-चार नावांनंतर एकदा. नुकताच लागलेला एखादा असेल तर त्याच्या नावाला हात वर करायला सांगू नका, दोनच हात दिसले तर पोराचं तोंड उतरतं.

काही ड्रायव्हर त्या दिवशी गाडीवर असणारच. त्यांची नावं गाळू नका आणि 'अनुपस्थित' असंही म्हणू नका. ट्रिपशीट समोर ठेवून त्या वेळेला कोण कुठं असेल ते लिहून घ्या. 'आत्ता साडेसात वाजलेत, आपली एक गाडी गाणगापूरहून परत निघालीये, अक्कलकोट सोडून सोलापूरच्या वाटेला असेल.' हॉल क्षणभर गप्प होतो, कारण सगळ्यांना तो रस्ता माहीत असतो. त्यांच्या घरचे हॉलात असतील तर त्यांना उभं करा. मात्र त्या ड्रायव्हरला स्टेजवरून व्हिडिओ कॉल लावू नका. ही कल्पना प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी काढतंच. तो गाडी चालवतोय.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाहुण्यांना आणायला-सोडायला त्या संध्याकाळी बाहेरचे ड्रायव्हर लावा. नाहीतर ज्यांच्यासाठी भाषण आहे ते पार्किंगमध्ये गाड्या मागं-पुढं करत राहतात आणि आभार रिकाम्या खुर्च्यांना मिळतात. मोकळे सोडलेत तरी ड्रायव्हर सवयीनं मागच्या भिंतीला टेकून उभे राहतात. म्हणून दुसरी-तिसरी रांग त्यांच्या घरच्यांसकट राखून ठेवा, खुर्चीवर नाव चिकटवून. 'राखीव' एवढंच लिहिलंत तर तिथं पाहुण्यांचे नातेवाईक बसतात.

सत्कार भाषणात मिसळू नका. शाल, श्रीफळ, फोटो मिळून एका माणसाला पाऊण ते एक मिनिट लागतं, म्हणजे १९ जणांना चौदा ते एकोणीस मिनिटं. भाषण संपल्यावर लगेच, पाहुण्यांच्या भाषणाआधी घ्या. फेटे बांधायचे असतील तर लोक यायच्या आधी बांधून घ्या, स्टेजवर नाही. तुमचं मनोगत आणि शेवटचं आभारप्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही निवेदकाला बजावून ठेवा. हॉलवाला, मंडपवाला, साउंडवाला, प्रमुख पाहुणे हे सगळं आभारप्रदर्शनात जातं. ते तुमच्या नऊशे शब्दांत शिरलं की झालीच लग्नपत्रिका. गॅरेजवाले मिस्त्री आणि पंक्चरवाला मात्र तुमच्या भाषणात एका वाक्यात घ्या, ड्रायव्हरांच्या नावांच्या अगदी आधी. रात्री दोनला टायर बदलून देणारा माणूस कुठं बसवायचा हे ड्रायव्हरांना बरोबर कळतं.

बोनस किंवा पगारवाढ स्टेजवरून जाहीर करायची असेल तर चेक त्या दिवशी तयार हवेत आणि आकडा माईकवर नको. गिऱ्हाइकासमोर आकडा उच्चारला की काहींना तो फार वाटतो, ड्रायव्हरांना कमी.

लिहून झालं की मोबाईलवर घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. एकट्यानं साडेआठ मिनिटं लागली तर हॉलात दहा होतात. एका गटाला एक कागद, मोठी अक्षरं, खालचा तिसरा भाग कोरा ठेवा. खालच्या ओळी वाचताना मान खाली जाते आणि आवाज माईकच्या बाहेर पडतो. नावांचा कागद वेगळा ठेवा आणि पाठ असली तरी वाचूनच घ्या. घरातल्या माणसाचं नाव ऐनवेळी विसरतं, तसंच वीस वर्षं सोबत असलेल्या ड्रायव्हरचंही विसरतं.

शेवटच्या वाक्याची काळजी नको. 'असाच लोभ असू द्यावा' लिहिलं असेल तर खोडा. तुमच्या रात्रीच्या गाड्या दहा-साडेदहाला निघत असतील, तर शेवटचं नाव घेऊन झाल्यावर एवढंच म्हणा, 'ज्यांना आज रात्री गाडी काढायचीये त्यांचं पान पहिलं. बाकीच्यांनी पाच मिनिटं थांबा.'